बॅडमिंटनच्या लाईटवरून निघालेली चर्चा : व्यायाम सकाळी की संध्याकाळी?

सेक्रेटरी : सर्वांना नमस्कार. कोर्टाचे लाईट रात्री १० ऐवजी ९ ला बंद करावेत अशी दोन-तीन घरांची मागणी आहे, कारण आवाज आणि मुलांची झोप. खेळणाऱ्यांनी आपलं म्हणणं इथेच मांडा, रविवारच्या मीटिंगमध्ये ठरवूया

ए-२०४ : दादा ९ ला बंद केलंत तर आम्ही नोकरीवाल्यांनी खेळायचं कधी? मी एमआयडीसीतून साडेसातला घरी पोचतो, चहा, जरा टेकतो, मग पावणेनऊला कोर्टवर

अण्णा (तळमजला) : सकाळी उठा की. मी पाचला उठून मांडवीपर्यंत चालून येतो, दिवसभर फ्रेश. रात्री घाम काढून झोप यायची कशी? व्यायाम हा सकाळचाच

ए-२०४ : अण्णा झोपेचं तुम्ही बरोबर बोललात, खरंच येत नाही. खेळून सव्वादहाला घरी, पावणेअकराला जेवण, सव्वाअकराला आडवा, आणि साडेबारापर्यंत नुसता कुशी बदलतो. सहाला उठावंच लागतं, आठची शिफ्ट. दुपारी डोळे मिटतात मशीनसमोर. बी-३०३ ताई तुम्ही फिजिओ आहात, सांगा ना, सकाळी सुरू करू का?

बी-३०३ ताई : आधी एक सांग, ज्या दिवशी खेळ नसतो त्या दिवशी झोप कशी लागते? चहा त्या दिवशीही असतोच ना?

ए-२०४ : चहा रोजचाच ताई. पण खेळ नसला की पडल्या पडल्या झोप

बी-३०३ ताई : मग चहा एकट्याने जागं ठेवत नाहीये, मुख्य भानगड खेळाच्या वेळेची दिसतेय. (चहाही तसा साडेसातनंतर नकोच, कॅफीन अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात.) आता नीट सांगते, जरा लांबेल.

आपल्या शरीराचं आतलं तापमान दिवसभर सारखं नसतं, दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत सगळ्यात वर असतं, मग रात्री हळूहळू उतरतं आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली. फरक साधारण एका डिग्रीचाच, पण झोप लागते ती हे उतरायला लागलं की. बॅडमिंटनसारखा जोराचा खेळ नेमका उलटं करतो, तापमान वर, नाडी जोरात, सगळं शरीर सावध. ते शांत व्हायला वेळ द्यावा लागतो. आणि तू तो देतच नाहीस, सव्वादहाला खेळून घरी, वर जेवण, आणि तासाभरात अंथरुणात.

२०१९ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी याच विषयावरच्या २३ अभ्यासांचा आढावा घेऊन छापला होता. त्यात संध्याकाळच्या व्यायामाने एकूणात झोप बिघडत नाही असं दिसलं. त्रास दिसला तो जोराचा व्यायाम झोपायच्या तासभर आधीपर्यंत चालू असेल तर. म्हणजे संध्याकाळ वाईट नाही, मधली गॅप महत्त्वाची.

सी-१०२ : जोराचा म्हणजे किती ताई? मी जेवल्यावर खाली पंधरा-वीस मिनिटं फेऱ्या मारते, तेही बंद करू?

बी-३०३ ताई : नाही काकू, अजिबात नको बंद करू. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय तर तो हलका-मध्यम व्यायाम, त्याने झोपेला काही होत नाही, उलट जेवणानंतरची साखरही कमी चढते. दोन-चार शब्दांवर दम लागत असेल तर तो जोराचा. तुम्हाला शुगरची गोळी आहे ना? काही गोळ्या आणि इन्सुलिन असताना संध्याकाळी जास्त व्यायाम झाला तर रात्री साखर खाली जाऊ शकते. रात्री घामाने भिजून जाग, थरथर, सकाळी डोकं दुखणं, असं काही झालं तर त्याच वेळी मशीनवर साखर बघा आणि डॉक्टरांना सांगा, डोस स्वतः बदलू नका

सी-१०२ : तसं काही नाही ग, बरं झालं सांगितलंस

ए-२०४ : मग ताई मी सकाळी पाचला उठून खेळलो तर? अण्णांसारखं

बी-३०३ ताई : तुझं गणित कर. साडेबाराला झोप, पाचला उठायचं, साडेचार तास. झोप कापून केलेल्या व्यायामाने एनर्जी कुठून येणार, दोन आठवडे उत्साहात जाईल आणि मग दुपारी आणखी पेंग. शिवाय उठल्या उठल्या अर्धा तास तरी डोकं आणि अंग जड असतं, सांधे आखडलेले, त्यात सरळ स्मॅश मारायला गेलास तर खांद्याला महागात पडेल. ताकद आणि चपळाई दुपारनंतरच जास्त असते, खेळाला संध्याकाळ चांगलीच आहे.

तू असं कर. साडेसातला घरी आलास की एखादं केळं खा, पाणी पी, आणि पावणेआठ ते पावणेनऊ खेळ. शेवटची दहा मिनिटं सिंगल्स नको, हळू रॅली आणि चालणं. सव्वानऊला हलकं जेवण. मग दहाच्या आसपास कोमट पाण्याची अंघोळ, गार नको. कोमट पाण्याने हातापायाच्या शिरा मोकळ्या होतात आणि आतली उष्णता बाहेर पडते. अकराला झोपलास तर मध्ये दोन तासांच्या वर गॅप मिळते.

आणि हे आपल्या कोकणात जास्त पाळायला हवं. घाम सुकला तरच अंग गार होतं, इथल्या दमट हवेत तो सुकतच नाही, नुसता निथळतो. आत्ता ऑक्टोबरात बघ, वारं पडलेलं असतं तेव्हा खेळून तासाभराने पण टी-शर्ट ओला आणि अंग गरमच. घाटावर तासात जे होतं त्याला इथे जास्त वेळ धर. झोपायच्या आधी मनगटावर नाडी मोज, सुट्टीच्या दिवशी त्याच वेळी किती असते तेही बघ. दहा-पंधराने जास्त असेल तर शरीर अजून खेळातच आहे, खेळ आणखी लवकर संपवायला हवा

ए-२०४ : हे जमेल मला. पावणेआठला बाकीचे तीन जण यायला हवेत फक्त

अण्णा (तळमजला) : म्हणजे सकाळचं माझं चुकीचं काय?

बी-३०३ ताई : चुकीचं नाही हो अण्णा. ज्याला रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही त्याला सकाळी उजेडात चालणं उत्तम, ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबपेक्षा कितीतरी पट असतो, त्याने शरीराचं घड्याळ लवकरच्या बाजूला सरकतं. पण तुमच्या घरच्या काकू मागे म्हणाल्या होत्या की तुम्ही साडेआठलाच पेंगता आणि तीनला टक्क जागे, खरं ना?

अण्णा (तळमजला) : हो, तीन म्हणजे तीन. मग पाच वाजायची वाट बघत पडून राहतो

बी-३०३ ताई : तुमचं घड्याळ आधीच लवकर आहे अण्णा, पहाटेचा उजेड ते आणखी मागे ओढायला बघतो. तुम्ही पंधरा दिवस चालणं संध्याकाळी पाच ते सव्वासहा करा, मांडवीलाच जा, उन्हाचा उजेड डोळ्यांवर येऊ दे, सूर्याकडे थेट बघायचं नाही अर्थात. संध्याकाळच्या उजेडाने घड्याळ थोडं पुढे सरकायला मदत होते. आल्यावर साडेनऊपर्यंत टीव्हीसमोर डुलकी नको. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा

अण्णा (तळमजला) : चालण्याची मंडळी सगळी पहाटेची आहेत माझी... पण बघतो. तीनला उठून बसणं नकोसं झालंय

बी-१०१ : माझं काय, मी दोन्ही वेळेला करत नाही 🙈 मुलांचा डबा सातला, संध्याकाळी क्लास

बी-३०३ ताई : अगं मग मुलांना क्लासला सोडतेस तिथेच भरभर चाल, अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, एवढ्याने १५० मिनिटं होतात आणि जागतिक आरोग्य संघटना तेवढंच कमीत कमी सांगते. रोज होईल ती वेळ धर, वेळ निवडायची चैन नंतर

सेक्रेटरी : मग मीटिंगला असं मांडतो, कोर्टाचे लाईट संध्याकाळी साडेसहा ते ९, पावणेआठचा स्लॉट नोकरीवाल्यांसाठी राखीव, त्या वेळात मुलांनी कोर्ट सोडायचं. कुणाला अडचण?

ए-२०४ : चालेल दादा. शनिवारी मात्र १० राहू दे, रविवारी शिफ्ट नसते

सेक्रेटरी : शनिवारचं आवाजवाल्या घरांना विचारून सांगतो