कपातीच्या यादीत नाव कोणाचे? : अनुभव धागा

तराजू (धागाकर्ती)

काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात असताना १८ जणांमधून ५ जण कमी करण्याची यादी माझ्या हातून तयार झाली. तिच्यातली एक चूक शेवटच्या आठवड्यात लक्षात आली. ती लक्षात आली नसती तर काय झाले असते, याचा विचार आजही पाठ सोडत नाही, म्हणून हा धागा सुरू करते आहे. सेवाज्येष्ठता, कामगिरी आणि घरची अडचण यांपैकी तुमच्या ठिकाणी कशाला किती वजन दिले गेले, आणि ते तुम्हाला न्याय्य वाटले का, हे कृपया लिहावे. नावे, कंपन्या आणि गावे टाळावीत.

प्रथम माझा अनुभव. एकच काम करणाऱ्या ९-९ जणांच्या दोन तुकड्या एकत्र करायच्या होत्या. कामगिरी हा निकष ठरला आणि मागील तीन वर्षांच्या वार्षिक मूल्यांकनाची सरासरी काढून १८ नावे उतरत्या क्रमाने लावली. तळाच्या पाचही जागांवर एकाच तुकडीची माणसे आली. त्या तुकडीची सरासरी ५ पैकी ३.१ होती आणि दुसरीची ४.०. पहिल्या तुकडीचा प्रमुख अत्यंत कडक होता, दुसरा हात सैल सोडून गुण देणारा. म्हणजे आम्ही जे मोजत होतो त्यात माणसाच्या कामाइतकाच त्याच्या साहेबाचा स्वभावही मोजला जात होता.

मग प्रत्येक तुकडीतले गुण त्याच तुकडीच्या सरासरीशी ताडून पाहिले. पण त्यातही दोष होता, कारण एक तुकडी खरोखरच अधिक कुशल असेल तर तिच्यातल्या चांगल्या माणसांवर अन्याय होतो. अखेर दोन्ही प्रमुखांनी मिळून, निवडक जुनी कामे समोर ठेवून, सर्व १८ जणांना नव्याने गुण दिले. जिथे दोघांच्या गुणांत मोठा फरक पडला तिथे तिसऱ्या वरिष्ठाने काम पाहिले. नव्या यादीत कडक प्रमुखाचे तीन आणि सैल प्रमुखाचे दोन जण आले.

त्याच फेरीत आणखी एक गोष्ट उघड झाली. एका सहकारी महिलेचे तीन वर्षांचे गुण ३.६, २.५ आणि ३.५ होते. मधले वर्ष तिच्या बाळंतपणाच्या रजेचे होते. काम करून दाखवायला ती जागेवरच नव्हती, आणि तरीही रकाना रिकामा राहू नये म्हणून कोणीतरी २.५ टाकले होते. त्या वर्षासह सरासरी ३.२ येत होती, ते वर्ष वगळल्यावर ३.५५. पहिल्या यादीत ती तळाच्या पाचांत होती आणि ते केवळ या एका आकड्यामुळे.

खालची पायरी

तराजू, तुमच्या पहिल्या यादीत मी असतो. अर्थात तुमच्या कंपनीत नव्हे. माझ्या ठिकाणी अशीच दोन विभागांची एक यादी झाली आणि आमच्याच विभागातली सहा माणसे गेली. आमचे वरिष्ठ आम्हाला शिकवण्यासाठी कमी गुण देत असत, आणि दर वर्षी म्हणत, ‘हा आकडा तुमच्या सुधारणेसाठी आहे, तो कुठेही वापरला जाणार नाही.’ तो वापरला गेला. मला सर्वांत अधिक टोचते ते हे की निकष कोणते होते हे मी लेखी विचारले, तेव्हा ‘एकूण योग्यता’ एवढाच शब्द आला. माझे गुण मला दाखवले असते आणि ते चूक आहेत हे सांगण्यासाठी एक आठवडा दिला असता, तर कदाचित तरीही मी गेलो असतो, पण कोणत्या तराजूत तोललो गेलो ते तरी मला कळले असते.

जुना सभासद

मी कारखान्यात तीस वर्षे कामगार संघटनेचे काम केले आहे. माझ्या मते हा सगळा खटाटोपच अनावश्यक आहे. जो शेवटी आला तो आधी जाईल, हा कायदाच आहे आणि त्यापलीकडे मालकाला काही करता येत नाही. सेवाज्येष्ठतेची यादी भिंतीवर लागते, सर्वांना आपला क्रमांक दिसतो, आणि कोणाच्या मर्जीला जागा राहत नाही. साहेबाच्या पुढे-पुढे करणारा आणि न करणारा या यादीत सारखेच. गुणांची पत्रके आली तेव्हापासून चौकशीला येणाऱ्या माणसाला मी काय सांगावे हेच मला कळेनासे झाले आहे.

तराजू

दादा, तुमचा अर्धा मुद्दा पूर्णपणे बरोबर आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-जी मध्ये हाच नियम होता आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ते तत्त्व कायम आहे. परंतु त्यात ‘सामान्यतः’ हा शब्द आहे, आणि कारण नोंदवून मालकाला दुसऱ्या कामगारालाही कमी करता येते. शिवाय तो क्रम एकाच प्रकारच्या कामातल्या कामगारांपुरता असतो, संपूर्ण कारखान्याचा नसतो, आणि व्यवस्थापकीय पदांना ही तरतूद लागूच होत नाही. कारण नोंदवण्याची अट मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे अपवाद करणाऱ्याला तो लिहून द्यावा लागतो.

जर्मनीतल्या नोकरी-संरक्षण कायद्याची रचना वेगळी आहे. व्यवसायाच्या कारणाने कपात करताना तिथे सेवेचा काळ, वय, पोसण्याची जबाबदारी आणि गंभीर अपंगत्व या चार गोष्टी पाहाव्या लागतात. कामगिरी या चारांत नाही. मात्र ज्याचे ज्ञान, कौशल्य किंवा कामगिरी यांमुळे त्याला ठेवणे व्यवसायाच्या रास्त हिताचे असेल अशा माणसाला या तुलनेतून वगळण्याची मुभा मालकाला आहे. आपण ज्याला घरची अडचण म्हणतो तिला तिथे कायद्याने जागा दिली आहे, आणि ती नोंदींवरून तपासता येईल अशा ठरावीक गोष्टींपुरती आखून दिली आहे.

ज्येष्ठतेविषयी माझी अडचण एकच आहे. एखाद्या विभागात महिलांची किंवा तरुणांची भरती गेल्या दोन-तीन वर्षांतच सुरू झाली असेल, तर ‘शेवटी आला तो आधी’ हा नियम सर्वच्या सर्व नव्यांना बाहेर काढतो, आणि त्यांच्यासोबत त्या भरतीने आलेला बदलही जातो. म्हणून आम्ही ज्येष्ठता फक्त बरोबरी सोडवण्यासाठी वापरली. पाचव्या जागेसाठी दोघांचे नव्याने दिलेले गुण ६१ आले होते. एकाची सेवा ११ वर्षांची होती, दुसऱ्याची ४ वर्षांची, आणि चार वर्षांचा गेला.

दुसरी पाळी

मी यादीतून वाचलेल्यांच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे यादी होत आहे हे कळल्यावर मी वरिष्ठांना भेटून सांगितले की माझ्या वडिलांवर उपचार चालू आहेत आणि घरात एकट्याचे, म्हणजे माझेच, उत्पन्न आहे. मी राहिले. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी गेला. दोन महिन्यांनी मला कळले की त्याच्या घरी परिस्थिती माझ्यापेक्षा बिकट होती, पण त्याने कोणालाही काहीच सांगितले नव्हते. निकष अडचणीचा होता, पण प्रत्यक्षात मोजली गेली ती अडचण सांगण्याची हिंमत आणि वरिष्ठांच्या केबिनपर्यंतची माझी ओळख. सर्वांना एकाच अर्जावर, एकाच मुदतीत विचारले असते तर निदान संधी तरी समान झाली असती. मात्र मला हेही ठाऊक आहे की असा अर्ज फिरला असता तर त्याने तो कोराच परत दिला असता.

वाट पाहणारा

धागा वाचून धीर आला, म्हणून विचारतो. मला गेल्या शुक्रवारी बोलावून स्वतःहून राजीनामा द्या असे सांगितले आहे, म्हणजे अनुभवपत्र चांगले मिळेल. यादीत माझे नाव कामगिरीमुळे आहे की पगार जास्त असल्यामुळे, हे कसे ओळखावे? सोमवारी सही करायची आहे.

तराजू

तुमचा प्रश्न निकषांपेक्षा अधिक तातडीचा आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देते. सोमवारी सही करू नका. राजीनामा दिला की कागदावर ती कपात राहत नाही, आणि कपातीची भरपाई मागण्याचा आधारच हातातून जाऊ शकतो. नियुक्तीपत्र, शेवटची तीन मूल्यांकने आणि त्या दिवशीच्या संभाषणाची तारखेसह टिपण स्वतःकडे ठेवा, मागणी लेखी द्या असे ईमेलने कळवा, आणि कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा. पगाराबाबत एक खूण सांगते. तुमच्याच कामाचे इतर जण कमी गुण असूनही राहत असतील आणि जाणाऱ्यांत जास्त पगाराचीच माणसे असतील, तर निकष कोणता होता हे विचारण्यास जागा आहे.

निळी शाई

मी स्वतः पथकप्रमुख आहे आणि दोनदा यादी केली आहे. धागाकर्तीशी माझा एका बाबतीत मतभेद आहे. त्या अडचणीला निवडीच्या बाहेर ठेवण्याकडे झुकलेल्या दिसतात. पहिल्या वेळी मीही तसेच केले. तळाच्या दोघांत फक्त दोन गुणांचे अंतर होते, ५८ आणि ६०, आणि ५८ वाल्याच्या मुलाला रोजची औषधे कंपनीच्या विम्यातून मिळत होती. मी आकड्याप्रमाणे गेलो. त्यानंतर कितीतरी दिवस मी स्वतःला विचारत राहिलो की माझ्या गुणांची अचूकता दोन गुणांइतकी होती का. तीच कामे महिनाभराने पुन्हा तपासून मी गुण दिले असते तर हा क्रम सहज उलटा झाला असता.

दुसऱ्या वेळी मी एक पट्टा ठरवला. कटरेषेच्या वर आणि खाली तीन-तीन गुणांत येणारे सर्व एकसारखे मानायचे, आणि त्यांच्यातच ज्येष्ठता व अवलंबून असणाऱ्यांची संख्या पाहायची. हा पट्टा गुण देण्यापूर्वी लिहून ठेवला होता, कारण नावे पाहिल्यावर पट्टा रुंद-अरुंद करण्याचा मोह होतो, आणि तो माझ्यासारख्या सद्हेतूने वागणाऱ्यालाही होतो.

तराजू

पट्ट्याची कल्पना मला पटते आणि आम्ही ती वापरायला हवी होती. आमच्या ६१-६१ च्या जोडीच्या वर ६२ गुणांचा एक जण होता, त्याला आम्ही निर्धास्तपणे सुरक्षित मानले. माझी भीती एवढीच की अवलंबून असणाऱ्यांची संख्या मोजली की अविवाहित किंवा निपुत्रिक माणूस प्रत्येक बरोबरीत हरतो, आणि त्याच्यावर जे भाऊ-बहीण किंवा आजारी आई-वडील अवलंबून असतात ते बहुतेक अर्जांत धरलेच जात नाहीत. म्हणून आम्ही अडचण निवडीत न आणता जाण्याच्या अटींमध्ये आणली. ज्याच्या घरी उपचार चालू होते त्याचा विमा सहा महिने पुढे चालू ठेवला आणि त्याला जाणाऱ्यांच्या शेवटच्या तुकडीत ठेवून नोटीसचा काळ वाढवला. पण तो माणूस अखेर बाहेरच पडला, आणि तुमच्या ५८ वाल्याचे घर अशा सहा महिन्यांवर तगले असते का, हे मला सांगता येणार नाही.

दुसरी पाळी

निळी शाई, तुमच्या पट्ट्यातल्या लोकांना हे कळले होते का की ते पट्ट्यात होते?

निळी शाई

नाही. राहिलेल्यांना मी सांगितले नाही. गेलेल्या दोघांना त्यांचे गुण आणि पट्टा दोन्ही दाखवले. त्यांतल्या एकाने माझ्यासमोर बसून बेरीज पुन्हा केली आणि एक वजाबाकी चुकली आहे हे दाखवून दिले. दुरुस्त करूनही तो पट्ट्यातच राहिला, आणि अवलंबून असणाऱ्यांच्या संख्येत मागे पडला.