प्रतिसाद: पाण्याचा अपवर्तनांक n नक्की किती, 9 की 1.33?

> "पाण्याचा परावैद्युत स्थिरांक εr 80 दिलाय. n = √(εr μr) मध्ये घातला तर 9 च्या आसपास येतो, पण प्रकाशाच्या धड्यात 1.33 आहे. सूत्र चुकीचं का?"

सूत्र बरोबर आहे, 80 हा आकडा चुकीच्या जागी वापरलाय. v = 1/√(με) मधला ε त्याच वारंवारतेचा हवा, ज्या लहरीचा वेग काढायचाय. पाणी चुंबकीय नाही, म्हणून μr 1 धरून चालतं. सगळा खेळ ε चा.

80 येतो तो पाण्याचे ध्रुवीय रेणू क्षेत्राबरोबर वळतात म्हणून. 100 MHz ला त्यांना वळायला वेळ मिळतो. तिथे n खरोखरच 8.9 असतो, वेग 3×10⁸/8.9, म्हणजे 3.4×10⁷ m/s, आणि हवेतली 3 मीटरची तरंगलांबी पाण्यात 34 सेंटिमीटर होते. साधारण 20 GHz च्या पुढे रेणू मागे पडू लागतात. दृश्य प्रकाश तर 5×10¹⁴ Hz चा! तिथे फक्त इलेक्ट्रॉन हलतात, εr उरतो 1.77. त्याचं वर्गमूळ 1.33, वेग 2.25×10⁸ m/s. पुस्तकं 80 च्या शेजारी वारंवारता छापत नाहीत, घोळ तिथेच होतो.

एक मर्यादा मात्र आहे. हे गणित गोड्या पाण्याचं. मिरामारच्या समुद्राला लावू नका. खारं पाणी वीज वाहून नेतं, 100 MHz ची लहर दोन-तीन सेंटिमीटरांतच क्षीण होते. तिथे पाण्याची विद्युतवाहकता σ धरावीच लागते, आणि तपासायचं असेल तर σ/(ωε) काढा, ω म्हणजे 2π गुणिले वारंवारता: 1 पेक्षा खूप लहान आला, तरच वरचं साधं सूत्र चालेल.