झोन प्लेट: ठिपका पुढे का सरकला

"पहिल्या वर्तुळाची त्रिज्या r१ = ०.६ मिमी धरून प्लेट काढली, लाल लेझर ६३३ नॅनोमीटरचा. ठिपका ५७ ऐवजी ६१ सेंमीवर का?"

झोन प्लेट म्हणजे एकाआड एक काळी-पारदर्शक वर्तुळं, भिंगासारखी प्रकाश एका ठिपक्यात आणणारी. आधी फिल्मवरची ही वर्तुळं मोजा. पहिलं नको, त्यात चूक फार; पंचविसाव्याचा व्यास मोजून निम्मा करा. वर्तुळागणिक प्रकाशाची ठिपक्यापर्यंतची वाट अर्ध्या तरंगलांबीने वाढते, म्हणून r² = nλf; n हा वर्तुळाचा क्रमांक, λ तरंगलांबी, f प्लेटपासून ठिपक्याचं अंतर. २५वी त्रिज्या ३.० मिमी हवी. ती ३.१ भरली, तर f = ९.६१ ÷ (२५ × ०.०००६३३) ≈ ६०७ मिमी. म्हणजे छपाईत आकृती तीन टक्के फुगली. त्रिज्येचा वर्ग असल्याने f जवळपास सात टक्के वाढलं.

त्रिज्या बरोबर निघाली, तर झोत समांतर नाही; पसरता झोतही ठिपका लांब नेतो. आणि २० सेंमीच्या आसपास दिसणारा फिका ठिपका f/३ चा, त्याला मुख्य समजू नका.