विभाग बदलून मिळावा म्हणून लिहिलेला अर्ज: तुमचे अनुभव

खाडीकाठ
पावसाआधी कपाट आवरताना माझे बदलीचे दोन्ही अर्ज सापडले. रत्नागिरीजवळच्या मासळी कारखान्यात सहा वर्षं कोल्ड स्टोअरच्या नोंदी ठेवल्या, मग क्वालिटीत जावंसं वाटलं. पहिल्या अर्जात लिहिलं, 'इथे पुढे वाव नाही.' कागद फिरत फिरत माझ्याच साहेबांच्या टेबलावर आला. त्यांना ती तक्रार वाटली. महिनाभर धड बोलले नाहीत.

दुसऱ्या वेळी आधी त्यांना भेटले. शिक्षण, अनुभव सगळं गाळलं, ते फायलीत होतंच. एकच गोष्ट लिहिली. फ्रोझन माल उणे 18 अंशांवर राहायला हवा, पण एका चेंबरचा पारा रोज दुपारीच वर चढलेला नोंदींत दिसायचा. लोडिंग चालू असताना दार उघडं राहत होतं. लोडिंग पहाटे घ्यायला सुचवलं, पारा थांबला. शेवटी लिहिलं की 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, आवक कमी, तेवढ्यात माझ्या जागी येणाऱ्याला शिकवून तयार करते. साहेबांनी शिफारस दिली.

सुरंगी
मी झेडपी शाळेत आहे. विनंती बदलीला असं पत्र जोडता येतं का? सासूबाई देवगडला एकट्या असतात गं.

खाडीकाठ
तुमचं वेगळं ताई, ते शासनाच्या पोर्टलवर. काळजी घ्या त्यांची.

दर्यावर्दी
साहेबांना कशाला विचारायचं? थेट एचआरला मेल टाकायचा. माझं काम तसंच झालं.

निवृत्त_एचआर
काही कंपन्यांत चालतं, आधी नियम बघा. पण नवा विभागप्रमुख पहिला फोन जुन्यालाच करतो. त्याला तेव्हाच कळलं तर सुटका लांबते. माझ्याकडे असे अर्ज यायचे, त्यांत 'मला शिकायची आवड आहे' भरपूर असायचं, आणि जुनं काम कोण बघणार याची ओळच नसायची. चांगला माणूस अडकतो तो तिथेच, त्याच्याशिवाय चालत नाही म्हणून. खाडीकाठ, प्रयोगशाळेत घेतलं का?

खाडीकाठ
नाही. माझं बीकॉम, तिथे सायन्स लागतं. म्हणून अर्जातच स्पष्ट लिहिलं होतं की नोंदी आणि निर्यातीच्या कागदांचं टेबल हवं. तेच मिळालं.

माडाची_सावली
माझी नऊ वर्षं बिलिंगमध्ये गेली. पगार तोच राहणार का, हे पत्रात विचारावं का?

निवृत्त_एचआर
पत्रात नको, बोलावल्यावर विचारा. ग्रेड बदलत असेल तर मात्र लेखी घ्या.

दर्यावर्दी
मी तर पहिल्याच ओळीत विचारलं होतं. मिळाली वाढ.

सुरंगी
देवगडला आज पहाटे सरी आल्या. लाकडं भिजली.

माडाची_सावली
इकडे गुहागरला अजून कोरडं. खाडीकाठ, माझं बिलिंग शिकवायला तुमच्यासारखे दोन मोकळे महिने नाहीत, मार्चअखेर तर श्वास घ्यायला वेळ नसतो. मग तारीख कुठली लिहू?