अनुभव सांगा: सातच्या कार्यक्रमाला स्वयंसेवक सहाला कसे येतील?

पुढच्या महिन्यात आमच्या गावी किनारा सफाई आहे. निरोपात ‘हजेरी ६, सुरुवात ७’ असं ठळक लिहूनही निम्मे सातलाच उगवतात. तुमच्याकडे काय चालतं?

खाडीकाठ, दापोली
स्वयंसेवकांच्या निरोपात आम्ही सातचा उल्लेखच करत नाही. दोन वेळा दिसल्या की माणूस सोयीची धरतो. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला वेगळा निरोप जातो: ‘सकाळी ६, सुरूच्या बनातलं टेबल, तुमच्याकडे हातमोजे आणि पोती.’ कामाला आपलं नाव चिकटलं की माणूस येतो.
आणि घाई का, तेही सांगा. गेल्या खेपेला कृष्ण तृतीया होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे रात्री सव्वादोन. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी, साडेआठच्या सुमारास. वाळूत रुतलेली जुनी जाळी अगदी खाली, पाण्याच्या कडेला असतात. ती कोयत्याने कापायला ओहोटीच्या आगेमागे जेमतेम दीड तास मिळतो. गट पाडण्यातच आठ वाजले, तर जाळं अर्धं कापून सोडावं लागतं.

रत्नांग्री
एवढं कशाला? सहाला हवेत तर साडेपाच सांगायचं. तसंही भरती रोज तासभर पुढे जाते, वेळ कुठे पक्की असते!

खाडीकाठ, दापोली
तास नाही हो, पन्नासेक मिनिटं. आठवडाभर आधी अंदाज बांधलात तर तासाभराचा घोळ होईल. खोटी वेळ एकदाच खपते. दुसऱ्या वर्षी लोक स्वतःच अर्धा तास वजा करतात, आणि जो खरंच साडेपाचला येतो तो अंधारात डास मारत बसतो. पुढच्या वेळी तोच येत नाही.

मालवणी पावलां
माझा अनुभव धावण्याच्या स्पर्धेतला. पाण्याच्या टेबलावर होतो. धावणारे सुटण्याआधीच रस्ता बंद करतात, हे कोणी सांगितलंच नव्हतं. चार पोरं पाण्याच्या खोक्यांसकट नाक्यावर अडकली, आणि पहिले धावपटू तहानलेलेच पुढे गेले. ‘लवकर या’पेक्षा ‘या वेळेनंतर गाडी आत येणार नाही’ हे वाक्य लिवा. ता बरोबर कळता.

गुहागरची सून
आमच्या वाडीतून पहिली एसटीच साडेसहाला सुटते. दूध काढून, डबे भरून मी सव्वासातला पोचते. दरवर्षी ‘उशीर झाला’ म्हणून नाव खाली जातं. वजनकाट्याचं काम आठनंतरच सुरू होतं ना? मग त्याला हजेरी साडेसातची का नको?

खाडीकाठ, दापोली
काट्याला चालेल, ताई. पण पोती मोजायची वही सहालाच वाटली जाते, ती कोणाकडे ठेवायची हे अजून आमचंही ठरत नाही.