अनुभव धागा : मास्टर्सच्या अर्जाचं पत्र आणि प्रोजेक्टमध्ये राहून गेलेला प्रश्न

काळीमाती
काल माळ्यावरचं खोकं उतरवलं, तर मातीच्या पिशव्यांची पिवळी पडलेली लेबलं निघाली. ०-१५, १५-३०, ३०-६० सेंमी. नेमकं संध्याकाळी अथणीकडची एक मुलगी तिचं एसओपी, म्हणजे अर्जाचं पत्र, दाखवायला आली आणि त्यात हेच तीन थर! बी.एस्सी. अ‍ॅग्री झालीय, परदेशात माती-पाणी विषयात मास्टर्सला अर्ज करतेय. तिच्या परवानगीने मजकूर मराठीत देते. तुम्ही पत्रं लिहिली असतील, तपासली असतील, तर तुमचंही लिहा.

प्रोजेक्ट असा: कॅनॉलखालची उसाची १२ शेतं, प्रत्येकी तीन थर, म्हणजे ३६ नमुने, सगळे मे महिन्यात घेतलेले. त्यांची ईसी, म्हणजे क्षार दाखवणारी विद्युतवाहकता, मोजली. पहिला मसुदा असा: "मला लहानपणापासून मातीची ओढ आहे. मी जमिनीच्या क्षारतेचा अभ्यास केला. ईसी ०.६ ते १.९ आली, म्हणजे जमिनी सुरक्षित आहेत. पुढे मला शाश्वत शेतीत संशोधन करायचं आहे."

शेवटच्या दोन वाक्यांच्या मधे मोठी दरी आहे. जमिनी सुरक्षित असतील तर संशोधन कशावर? निवड करणारे नेमके तिथेच थांबतात. मी तिला एकच विचारलं, या ३६ नमुन्यांवरून तुला काय म्हणता येत नाही, आणि का? तासाभराने तीन गोष्टी निघाल्या.

तिने २० ग्रॅम मातीत ५० मिली पाणी घालून ईसी काढली. पुस्तकात क्षारपड ठरवायची ४ ची मर्यादा आहे ती संपृक्त लगद्याच्या, म्हणजे माती पाण्याने जेमतेम पुरती भिजवून केलेल्या लगद्याच्या, अर्काची. तिथे पाणी कितीतरी कमी असतं, म्हणून तीच माती जास्त आकडा दाखवते. तेव्हा १.९ हे ४ पेक्षा कमी, म्हणून जमीन चांगली, हे वाक्यच चूक. दुसरं, मे महिन्यात पाणी वर चढून उडून जातं आणि मीठ वरच्या थरात राहतं, पावसानंतर ते खाली गेलेलं असतं. तिसरं, भूजल किती खोल आहे ते तिने मोजलंच नव्हतं. मग मीठ विहिरीच्या पाण्यातून आलं की खालून चढलं, हे कसं सांगणार?

आता परिच्छेद असा झालाय: "१२ शेतांपैकी ९ शेतांत वरच्या थराची ईसी खालच्या थरांपेक्षा जास्त आली. मात्र नमुने एकाच ऋतूतले आहेत आणि भूजलपातळीची नोंद नाही, त्यामुळे क्षार खालून चढले की सिंचनातून आले हे मला ठरवता आलं नाही. भारी काळ्या मातीत भूजल किती वर आलं की क्षार मुळांच्या थरात साठू लागतात, हा प्रश्न मला अभ्यासायचा आहे. त्यासाठी भूजल मोजायच्या निरीक्षण नळ्यांच्या मासिक नोंदी आणि मातीतल्या पाण्याच्या हालचालीचं मॉडेलिंग शिकणं मला गरजेचं आहे."

शेवटच्या वाक्यामुळे त्या कोर्समधले विषय आपोआप जोडले जातात. विद्यापीठाची वेगळी स्तुती करावी लागत नाही.

निपाणीकर
ताई, एवढं कशाला? त्या १.९ ला तीनने गुणलं की लगद्याची ईसी मिळते की. ५.७ लिहायचं, विषय संपला.

काळीमाती
नाही हो दादा. गुणक मातीच्या पोतावर बदलतो. वाळूसर मातीला मोठा लागतो, चिकणमातीला लहान, कारण लगदा होईपर्यंत चिकणमाती मुळातच जास्त पाणी पिते. एकच गुणक सगळ्या शेतांना लावला तर वाचणारा पहिल्याच ओळीत धरेल. जपून ठेवलेल्या मातीतले पाच-सहा नमुने घेऊन दोन्ही पद्धतींनी ईसी काढायची आणि आपल्या मातीचं नातं आपण बसवायचं. लगदा जमला की तो चकाकतो, भांडं कलतं केलं की किंचित सरकतो आणि पळीवरून स्वच्छ सुटतो. मग रात्रभर झाकून ठेवायचा, सकाळी अर्क ओढायचा. अर्जाला महिना आहे, होतंय.

कुंदाप्रेमी
यात भर. ४ ही सर्वसाधारण रेघ आहे. ऊस त्याआधीच कुरकुरतो, त्याचा उंबरठा लगद्याच्या अर्कात १.७ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या आसपास धरतात. हे एक वाक्य पत्रात आलं की कळतं, पोरीला आकडा आणि पीक दोन्ही समजलंय.

माई_टिळकवाडी
छान चाललंय, वाचतेय. भाकऱ्या तव्यावर आहेत म्हणून थोडक्यात. पत्र ४००० अक्षरांत बसवायचं असतं ना? भाचीला तसंच सांगितलं होतं.

कुंदाप्रेमी
मावशी, ते ब्रिटनच्या यूकासचं, पदवीच्या अर्जासाठी. मास्टर्सला प्रत्येक विद्यापीठाची मर्यादा वेगळी, ५०० शब्द पण असतात, १००० पण. कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे तर दोन पत्रं लागतात, एक अभ्यासाच्या उद्देशाचं आणि एक स्वतःच्या वाटचालीचं. "लहानपणापासून ओढ" जायचीच असेल तर दुसऱ्यात जाईल.

मळेकरी_अथणी
नमस्कार. आमच्या मळ्यात पण पांढरं फुटायलंय, ऊस ठेंगणाच राहिलाय. जिप्सम किती टाकू एकरी?

काळीमाती
अण्णा, हा धागा अर्जाच्या पत्राचा आहे, पण थांबा, आधी जिप्सम आणू नका. पांढरा थर आणि पीएच ८.५ च्या खाली, तर बहुतेक क्षारपड जमीन. तिथे जिप्समचा उपयोग नाही, निचरा काढून मीठ धुवून घालवावं लागतं. पीएच ८.५ च्या वर, विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांच्या वर, पाणी मुरतच नाही, अशी चोपण असेल तर जिप्सम. तेही निचरा असेल तरच, नाहीतर सुटलेलं सोडियम जाणार कुठे? पीएच, ईसी आणि विनिमयक्षम सोडियम, तिन्ही तपासून घ्या, एकरी किती ते त्यावरून ठरेल.

खानापूरवाला
मुलाचं बी.ई. सिव्हिल, दोन बॅकलॉग होते, सुटले. पत्रात सांगायचं का? आणि जुन्या दाखल्यावर गावाचं इंग्रजी स्पेलिंग जुनं, पासपोर्टवर नवीन. त्याचं काय?

कुंदाप्रेमी
काका, स्पेलिंग पत्रात अजिबात नको. बेळगाव शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला अधिकृत बदललं, कोणी विचारलंच तर कागदपत्रांबरोबर एक ओळीची टीप जोडायची. बॅकलॉग संशोधनाच्या विषयातला असेल तरच एक वाक्य: अमुक विषय राहिला, नंतर त्याच विषयावर अमुक काम केलं. कारणं देत बसायचं नाही.

निपाणीकर
प्राध्यापकांची नावं घालायची की नाही? आमच्याकडे सगळे तीन-तीन घालतात.

काळीमाती
प्रबंध असलेल्या कोर्सला एखादं घालावं, तेही त्यांची कुठली पद्धत आपल्या प्रश्नाला लागते ते लिहून. आधी विभागाच्या पानावर बघायचं, निवृत्त तर नाहीत ना.

कुंदाप्रेमी
मला हे पटत नाही. त्या वर्षी ते विद्यार्थी घेत नसले तर सगळं पत्रच त्यांच्यावर टेकलेलं राहतं. गटाचा विषय लिहावा, नाव ईमेलमध्ये.

काळीमाती
ईमेलला उत्तर आलं असेल तर? मग नाव लिहिणंच बरं की.

मळेकरी_अथणी
ताई, उद्या सकाळी खड्डा मारतो. हाताच्या कोपरापर्यंत गेल्यावर ओल लागते दरवर्षी, यंदा पाणीच लागलं तर कळवतो. त्या पोरीला आमच्या मळ्यात नळी रोवायची असेल तर रोवू दे.