शून्याच्या जागी ε ठेवला, साइन चेंज एकही नाही, तरी 'स्टेबल' चूक कसं?

शेवटचा_बाक
असाइनमेंटमधला प्रश्न: युनिटी फीडबॅक, G(s) = K/[s(s+2)(s+4)], K = 48 ला सिस्टिम स्टेबल आहे का ते राउथ अ‍ॅरेने ठरवा. s¹ च्या ओळीत शून्य आलं. मी तिथे ε ठेवला. पहिल्या कॉलममध्ये साइन चेंज नाही, म्हणून 'स्टेबल' लिहिलं. 5 पैकी 1 मार्क मिळाला. हा अन्याय नाही का?

चक्रम_चौकट
अन्याय कसला? G(s) च्या छेदातच s दिसतोय. शून्यावर पोल आहे, म्हणजे इंटिग्रेटर. अशी सिस्टिम स्टेबल नसतेच, राउथपर्यंत जायचीही गरज नव्हती.

कागद_पेन्सिल
चौकटराव, तो पोल ओपन लूपचा आहे. राउथ लावायचा 1 + G(s) = 0 ला, म्हणजे s³ + 6s² + 8s + K = 0 ला. K = 10 घेतला तरी G मध्ये तो s तसाच असतो, पण लूप बंद केल्यावर तिन्ही पोल डावीकडे असतात. अर्धा वर्ग इथेच घसरतो.

आता मूळ प्रश्न. अ‍ॅरे असा:

```
s^3 |  1    8
s^2 |  6   48
s^1 |  0
s^0 |  ?
```

बाक, तू ε धन धरलास म्हणून खूण बदलली नाही. तोच ऋण धरून बघ: 1, 6, −, 48, म्हणजे दोन साइन चेंज. ε च्या खुणेवर उत्तर फिरत असेल तर ते ना डावीकडे ना उजवीकडे, पोल अक्षावरच बसलेत. शिवाय इथे s¹ च्या ओळीत एकच आकडा असल्यामुळे पूर्ण ओळच शून्य झाली आहे. अशा वेळी वरच्या ओळीवरून 6s² + 48 = 0 घ्यायचं. त्यातून s = ±j2.83 मिळतात, तिसरा पोल −6 वर. पडताळा हवा तर (s+6)(s²+8) गुणून बघ. या ओळीचं डेरिव्हेटिव्ह 12s, ते शून्याच्या जागी ठेवलं की अ‍ॅरे पुढे सरकतो आणि उजवीकडे पोल नाही हे कळतं. 'मार्जिनली स्टेबल, 2.83 rad/s ला डोलणार' एवढं लिहायला हवं होतं. एक मार्क बहुधा अ‍ॅरेच्या पहिल्या दोन ओळींचा.

शेवटचा_बाक
ऋण ε चं डोक्यातच आलं नाही. पण 'उजवीकडे पोल नाही' हे तर मी बरोबरच सांगितलं ना? मग शून्याशेजारचा एक मार्क जरा जास्तच कंजूष आहे.

रात्रपाळी
मला 'मार्जिनली स्टेबल' हा शब्दच पटत नाही. त्या लूपला 2.83 rad/s चीच साइन वेव्ह इनपुट म्हणून द्या. इनपुट मर्यादेत, आउटपुट वाढतच जातो. याला अनस्टेबल म्हणायचं नाही तर काय?

कागद_पेन्सिल
बाउंडेड इनपुटच्या व्याख्येने बरोबर आहे. पण नुसत्या सुरुवातीच्या धक्क्याने तो फुगत नाही, एकाच मापाने डोलत राहतो. प्रश्नात व्याख्या दिली नसेल तर दोन्ही लिहून, कोणत्या अर्थाने ते सांगावं.

रात्रपाळी
तपासणारा इतकं वाचतो असं तुम्हाला वाटतं?

जुनी_मोटर
मार्कांचं तुम्ही बघा. मी हाच G(s) धरून एका मोटरचा लूप लावला होता. कागदावर 48 ची मर्यादा, म्हणून K = 40 ठेवला आणि निर्धास्त झालो. शाफ्ट थरथरायचा थांबेना, डोलणं वाढतच गेलं. सेन्सरच्या फिल्टरचा 0.05 सेकंदाचा लॅग मी मॉडेलमध्ये धरलाच नव्हता. तो धरला की समीकरण चौथ्या घाताचं होतं: s⁴ + 26s³ + 128s² + 160s + 20K. त्याचा अ‍ॅरे मांडला तर मर्यादा 37.5 वर येते. अ‍ॅरे खोटं बोलत नव्हता, मीच त्याला अर्धी सिस्टिम दिली होती.

चक्रम_चौकट
मग K = 47 ठेवला, लॅग नाही, तर तरी बिनधास्त?

जुनी_मोटर
अ‍ॅरे 'स्टेबल' म्हणेल. पण त्या जोडीचा रिअल पार्ट जेमतेम −0.011 आहे. डोलणं विझायला साडेपाच-सहा मिनिटं. म्हणून मी s च्या जागी z − 0.5 घालून पुन्हा अ‍ॅरे मांडतो: z³ + 4.5z² + 2.75z + (K − 2.625). सगळे पोल −0.5 च्या पलीकडे हवे असतील तर K 2.625 आणि 15 च्या मध्ये. कुठे 48, कुठे 15.

शेवटचा_बाक
ही z − 0.5 ची भानगड आमच्या नोट्समध्ये नाही. उद्या मॅडमना दोन गोष्टी विचारतो: हीच एक, आणि ε ऋण का धरला नाही म्हणून माझे चार मार्क गेले का.

रात्रपाळी
दुसरी आधी विचार.